लेकराचा हात, बापाचा दोष

मुरुडच्या बाजारातून लातूर-बार्शी रस्ता जिथं जातो, तिथं संध्याकाळी सहाच्या सुमाराला उभं राहून बघा. डांबराच्या एका कडेला हातगाडे, त्यांच्या पुढं लावलेल्या मोटारसायकली, त्यांच्याही पुढं एखादी चारचाकी. उरलेल्या जागेतून एसटी, उसाचे ट्रॅक्टर, ऑटो आणि सायकली जातात. सायकलवाल्याला त्यातली सगळ्यात अरुंद पट्टी मिळते, उभ्या गाड्यांच्या दारांना घासून जाणारी.

त्या पट्टीतून दूध घालणारे एक मामा रोज जात. वय बासष्ट. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना दोन किटल्या, हँडलला मापाची पिशवी. नाव इथं लिहीत नाही, आणि गावात तरी त्यांना मामा सोडून दुसऱ्या नावानं कोण हाक मारतं? त्या दिवशी मी समोरच्या हॉटेलाच्या बाकावर चहा घेत बसलो होतो, त्यामुळं जे घडलं ते माझ्या डोळ्यांपुढं घडलं.

एक पांढरी चारचाकी बार्शीच्या बाजूला तोंड करून डाव्या कडेला थांबली. गाडी परगावची होती. चालवणारे गृहस्थ जागेवरच बसून होते. मागच्या सीटवर उजव्या बाजूला त्यांचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा. बापानं मागं वळून काहीतरी सांगितलं, नोट दिली आणि मुलानं आपल्या बाजूचं दार उघडलं. लेकरं दार उघडतात तसं, खांद्यानं ढकलून, एका झटक्यात. मामा तेव्हा गाडीच्या शेपटीशी पोचले होते.

पुढचं सगळं दोन सेकंदांत झालं. दाराची कड सायकलच्या हँडलच्या डाव्या टोकावर आदळली. डावं टोक अडलं की पुढचं चाक डावीकडं वळतं आणि अंगातला वेग माणसाला पुढं, उजवीकडं फेकतो. उजवीकडं म्हणजे रस्त्याच्या मधोमध. दाराच्या धडकेतली खरी भीती हीच आहे. दाराचा मार त्या मानानं थोडा असतो. माणूस मागून येणाऱ्या वाहनापुढं जाऊन पडतो. मागून टेम्पो येत होता. टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक लावला आणि चाक मामांच्या पायापासून हातभर अंतरावर थांबलं. किटल्या आडव्या झाल्या. दूध डांबरावरून गटारीकडं वाहत गेलं.

मग गर्दी जमली आणि गर्दीचं न्यायालय बसलं. पहिला निकाल लागला तो त्या लेकरावर. "बघून दार उघडता येत न्हाई का रं?" कुणी तरी त्याचा दंडही धरला. पोरगं दाराला चिकटून, नोट मुठीत चुरगाळून, थरथर कापत उभं होतं. दुसरा निकाल मामांवर लागला. "मामा, जरा लांबून जायचं की. घंटी तर वाजवायची." गाडीवाले खाली उतरले आणि म्हणाले, "दार आधीच उघडं होतं ओ, हे येऊन धडकले." एका शहाण्यानं मिटवामिटवी केली. पाचशे रुपये मामांच्या खिशात कोंबले, सायकल उभी केली, दार लावलं आणि गाडी निघून गेली. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नसतील.

या दहा मिनिटांत एकही निकाल बरोबर लागला नाही, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे सविस्तर सांगतो. मामांचं पुढं जे झालं ते या चुकीच्या निकालांमुळंच झालं.

आधी मामांना सोडवू. भरलेल्या किटल्या घेऊन जाणारी सायकल ताशी बारा किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे सेकंदाला सव्वातीन मीटरपेक्षा थोडं जास्त. डोळ्यांनी दार उघडताना पाहिलं, डोक्यानं ओळखलं आणि बोटांनी ब्रेक दाबला, एवढ्याला धडधाकट माणसाला साधारण एक सेकंद जातो. तोवर सायकल सव्वातीन मीटर पुढं गेलेली असते. त्यानंतर वजनदार सायकल थांबायला आणखी दोन मीटर तरी लागतात. म्हणजे मामांना पाच-साडेपाच मीटर मोकळे हवे होते. त्यांच्याजवळ किती होते? गाडीच्या शेपटीपासून मागच्या दाराच्या कडेपर्यंत फार तर दीड मीटर. अर्ध्या सेकंदाचं अंतर. अर्ध्या सेकंदात बासष्ट वर्षांचा माणूसच काय, विशीतला पोरगाही काही करू शकत नाही. आणि घंटी वाजवायची ती कुणासाठी? काचा लावून बसलेल्या गाडीतल्या माणसासाठी, तेही रस्त्याकडेच्या प्रत्येक बंद दारापुढं?

लांबून जायचं, हा सल्ला मात्र तसा खरा आहे. उघडलेलं दार गाडीच्या अंगाबाहेर पाऊण ते एक मीटर येतं. म्हणून उभ्या गाडीपासून मीटरभर अंतर ठेवावं, असं जगभर सायकलवाल्यांना शिकवतात. ब्रिटनच्या रस्त्याच्या नियमावलीत २०२२ साली केलेल्या सुधारणेत तसं स्पष्ट लिहिलंही आहे. पण आपल्या बाजारात उभ्या गाडीपासून मीटरभर बाहेर या, म्हणजे तुम्ही थेट एसटीपुढं येता आणि मागचा हॉर्न तुम्हाला परत दारापाशी ढकलतो. मामा काही हौसेनं दाराला घासून जात नव्हते. ज्याला दुसरी जागाच ठेवलेली नाही, त्यानं ती का निवडली नाही असं विचारणं अन्यायाचं आहे.

सायकलवाल्याचा दोष कधीच नसतो, असं मी म्हणत नाही. दार बराच वेळ उघडं आहे, समोर स्वच्छ दिसतंय आणि सायकलवाला मोबाइलवर बोलत येऊन त्यावर आदळला, तर त्यातला मोठा वाटा त्याचा. गाडी थांबून माणसं डाव्या बाजूनं उतरत असताना तो गाडी आणि फूटपाथ यांच्या फटीतून जोरात घुसला, तरी वाटा त्याचा. अशा प्रकरणांत न्यायालयं टक्केवारी ठरवतात आणि भरपाईतून तेवढा हिस्सा वजा करतात. पण तो वाटा सिद्ध करावा लागतो. "जरा लांबून जायचं की" म्हटल्यानं तो सिद्ध होत नाही.

आता गाडीवाल्यांचं म्हणणं घेऊ, "दार आधीच उघडं होतं". हे खरं की खोटं, ते ओळखता येतं. दाराच्या बिजागऱ्या पुढच्या बाजूला असतात. म्हणून पूर्ण उघड्या दाराची आतली बाजू, काच उतरवायची मूठ आणि कप्पा असलेली, मागून येणाऱ्याच्या तोंडासमोर असते. अशा दारावर सायकल आदळली तर खूण त्या आतल्या बाजूला उमटते, सायकलचं पुढचं चाक वाकतं आणि स्वार दारावरून पुढं फेकला जातो. दार उघडत असताना, म्हणजे सायकल जवळ पोचल्यावर अंगावर आलं, तर मार दाराच्या पातळ कडेचा बसतो. कडेचा रंग उडतो, तिथं हँडलच्या मुठीच्या रबराचा काळा ओरखडा राहतो. मामांच्या डाव्या हाताच्या बोटांची हाडं जिथं वर येतात, तिथली कातडी सोलून निघाली होती. पुढचं चाक सरळ होतं. रंगही दाराच्या कडेचाच उडालेला होता, तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. दार आधीच उघडं नव्हतं. पण कुणीही त्याचा फोटो घेतला नाही. मीही घेतला नाही, आणि ही माझी चूक मला अजून टोचते. गाडी हलवायच्या आधी दाराची कड, सायकलचं हँडल, गाडीचा नंबर आणि रस्त्याच्या कडेपासून गाडीचं अंतर, असे चार फोटो मोबाइलमध्ये असते, तर पुढचा सगळा वाद राहिलाच नसता.

राहिलं ते लेकरू. दार त्याच्या हातानं उघडलं हे खरं आहे. पण ज्याचा हात लागला तोच दोषी, हा हिशेब लहान मुलांना लागू होत नाही. कायद्यालाही तो मान्य नाही. भारतीय न्याय संहितेप्रमाणं सात वर्षांखालच्या मुलानं केलेली गोष्ट गुन्हा ठरतच नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपल्या कृतीचा परिणाम कळण्याइतकी समज आली नसेल, तर त्याचाही गुन्हा होत नाही. मागून सायकल येत असेल, दाराला धडकेल, माणूस उजवीकडं पडेल, मागं टेम्पो असेल, ही साखळी आठ वर्षांच्या मुलानं जुळवावी अशी अपेक्षा कुणी करू नये. ती जुळवायची होती गाडी चालवणाऱ्यानं. त्याच्यापुढं आरसा होता. गाडी कुठं थांबवायची हे त्यानं ठरवलं, मुलाला उजव्या बाजूला त्यानं बसवलं, आणि "जा, घेऊन ये" हेही त्यानंच सांगितलं. दाराला हात लेकराचा लागला. ते उघडलं बापानं.

हे माझ्या मनाचं नाही. २०१६ साली इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एक टॅक्सी थांबली, मागच्या सीटवरच्या प्रवासी बाईनं दार उघडलं, एक तरुण शिक्षक सायकलवरून फेकला गेला आणि व्हॅनखाली सापडून गेला. न्यायालयानं त्या बाईला दोषी धरलंच, शिवाय टॅक्सीच्या चालकालाही धरलं. त्यानं दाराला हातसुद्धा लावला नव्हता. तिथल्या नियमात दार धोकादायक रीतीनं उघडणारा, उघडायला लावणारा आणि उघडू देणारा हे तिघेही एकाच वाक्यात येतात. सज्ञान प्रवाशाच्या बाबतीत चालकावर एवढी जबाबदारी असेल, तर पोटच्या लेकराच्या बाबतीत किती असावी?

आपल्याकडं अनेकांना वाटतं की गाडी उभी होती, म्हणजे "गाडीनं" अपघात केलाच नाही. निष्काळजीपणे वाहन चालवण्याचं कलम उभ्या गाडीला बसवणं अवघड आहे, हे मान्य. पण न्याय संहितेचं कलम १२५ वाहन चालवण्यापुरतं नाही. हयगयीनं केलेल्या कोणत्याही कृत्यानं दुसऱ्याचा जीव धोक्यात आला किंवा त्याला दुखापत झाली, की ते लागतं. आणि भरपाईसाठी मोटार वाहन कायद्यात शब्द आहेत ते "वाहनाच्या वापरातून झालेला अपघात". वापर म्हणजे फक्त चालवणं का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढं गेला तो आपल्याच महाराष्ट्रातून. १९८७ साली पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा एक टँकर ट्रकला घासून रस्त्याच्या कडेला उलटला. काही तासांनी त्याचा स्फोट झाला आणि जवळ जमलेली माणसं जळून गेली. स्फोटाच्या वेळी टँकर निपचित पडलेला होता, तो वापरात नव्हता, असा युक्तिवाद झाला. १९९१ साली न्यायालयानं तो फेटाळला. वाहन उभं असो, बंद पडलेलं असो, ते वापरातच असू शकतं, असा त्या निकालाचा अर्थ. मग बाजारात इंजिन बंद करून थांबलेल्या आणि माणसं उतरवणाऱ्या गाडीचं दार त्या वापराच्या बाहेर कसं राहील?

हे सगळं मामांच्या हातापाशी येऊन थांबतं. त्या रात्री मनगट सुजलं. सकाळी लातूरला एक्स-रे काढला, तेव्हा उजव्या मनगटाजवळचं हाड मोडलेलं निघालं. पडताना माणूस हात टेकतो आणि अंगाचा सगळा भार त्या एका जागेवर येतो. सहा आठवडे प्लास्टर. दूध काढणारा हात, किटली उचलणारा हात, माप धरणारा हात, तो हाच. पाचशे रुपयांतले निम्मे तर जाण्या-येण्यात आणि गोळ्यांतच गेले.

हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापत आहे. आणि वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघातात गंभीर दुखापत झाली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणं अडीच लाख रुपयांची भरपाई मागता येते. चूक कुणाची हे सिद्ध करण्याचीही त्यात गरज नाही. ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. पैसे देते ती गाडीची विमा कंपनी, आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा प्रत्येक गाडीला सक्तीचाच आहे. त्यासाठी लागतं ते इतकंच: सरकारी दवाखान्यात पोलीस केस म्हणून नोंद, पोलीस ठाण्यात जबाब, जागेचा पंचनामा आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडं अर्ज. कायद्यात या अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे.

मी चौथ्या दिवशी मामांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "मामा, चला, ठाण्यात जाऊन येऊ. गाडीचा नंबर टेम्पोवाल्याच्या ध्यानात आहे."

मामांनी मान हलवली. "नको बाबा. त्या लेकराचं नाव कागदावर चढंल. केवढंसं पोरगं ते. कसं कापत हुतं, बघितलं न्हवं का तू?"

मी त्यांना सांगितलं की लेकराचं काही होत नाही, कायदा त्याला धरतच नाही, प्रश्न गाडीचा आणि गाडी चालवणाऱ्याचा आहे. पण मामांच्या मनात त्या संध्याकाळी गर्दीनं लावलेला निकाल पक्का बसला होता. सगळ्यांनी लेकरालाच बोल लावला, म्हणजे तक्रार केली तर ती लेकरावरच होणार. ते हलले नाहीत. मामी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यास्नी जायचं न्हाई म्हणजे न्हाई."

त्या दिवसापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही. दोष कुणाचा, हा प्रश्न आपण रस्त्यावर इतक्या घाईनं मिटवतो, जणू तो बोलण्यापुरताच आहे. मामांच्या बाबतीत त्याच प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरानं त्यांचा हक्क गेला. निर्दोष लेकराला दोषी ठरवलं, म्हणून दयाळू माणूस गप्प बसला, आणि खरा दोषी पाचशे रुपयांत मोकळा झाला. मामांची दया खोटी नव्हती, ती चुकीच्या माहितीवर उभी होती. ती माहिती त्यांना दिली आम्ही, त्या संध्याकाळी तिथं जमलेल्या शंभर जणांनी.

त्या बापालाही मी राक्षस समजत नाही. त्याला दार उघडण्याची रीत कुणी शिकवलीच नसेल. लायसन्स काढताना आठचा आकडा फिरवून दाखवावा लागतो, दार उघडून दाखवा असं कुणी म्हणत नाही. नेदरलँड्समध्ये चालकांना दाराच्या जवळचा हात न वापरता लांबच्या हातानं दार उघडायला शिकवतात. आपल्याकडं चालक उजवीकडं बसतो, म्हणून त्यानं उजव्या दाराची कडी डाव्या हातानं ओढायची. तसं केलं की खांदा आपोआप वळतो, मान मागं जाते आणि आरशात न दिसणारी सायकलही डोळ्यांना दिसते. दार आधी वीतभर उघडायचं, क्षणभर थांबायचं, मग पूर्ण. इतकं केलं तरी पुरतं.

पण मागच्या सीटवरच्या लेकरांना ही सवय होईपर्यंत वाट बघता येत नाही, आणि तिथं उपाय आधीच गाडीत बसवलेला आहे. बहुतेक गाड्यांत मागचं दार उघडलं की त्याच्या कडेला, कुलपाच्या जिभेजवळ, एक लहान खटका दिसतो. काही गाड्यांत तो किल्लीच्या टोकानं फिरवावा लागतो. तो लावला की ते दार आतून उघडत नाही, बाहेरूनच उघडतं. उजव्या बाजूच्या मागच्या दाराचा हा खटका कायमचा लावून ठेवला, तर गाडी डाव्या कडेला उभी असताना मागचं प्रत्येक माणूस डाव्या दारानंच उतरतं, रस्त्याच्या कडेला. त्या पांढऱ्या गाडीतही तो खटका असणार.

मामांचं प्लास्टर निघालं आहे, पण भरलेली किटली त्यांना उजव्या हातानं अजून उचलत नाही. दूध आता त्यांचा धाकटा मुलगा घालतो, त्याच सायकलवरून, त्याच पट्टीतून, संध्याकाळी सहालाच. तुमच्या दारात गाडी असेल तर आज उठून तिच्या मागच्या उजव्या दाराची कड बघा आणि तो खटका लावा.